ऐंशी किलोंचा कागद

मागच्या दाराच्या तोंडाशीच भिकाजी सुताराने दोन महिन्यांपूर्वी बसवलेलं ते उंच, ओढून बाहेर काढायचं कपाट अर्धवट बाहेर येऊन अडकलं होतं. सावित्रीकाकींना विहिरीवर जायला तीन दिवस पुढच्या दाराने वळसा घालावा लागत होता. भिकाजी गुडघ्यांवर बसला, बॅटरीचा उजेड आत पाडून पाहिला आणि मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडली.

कपाट ज्यावर सरकतं ती खालची सरकपट्टी वाकली होती. सर्वांत खालच्या जाळीत तीस किलो तांदूळ, वरच्या जाळ्यांत नारळ, तेलाचे डबे, आमसुलांच्या बरण्या. आगोटीची, पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. आचऱ्यासारख्या गावात कुठली बाई ती अर्धी भरते?

"बघितलंस ना?" मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा विनीत म्हणाला. "दोन महिन्यांत वाट लावली. आई, तुला आता एकटीला नाही जमत. या रविवारी माझ्याबरोबर चल. घर होमस्टेला देऊ."

काकी ओट्याला टेकून उभ्या होत्या. सासूच्या हातून मिळालेलं स्वयंपाकघर पोरगा हातातून काढून घेत होता, आणि बोलायला तोंड नव्हतं.

तोंड भिकाजीला होतं. एका जाळीत जास्तीत जास्त सोळा किलो, पाच जाळ्यांत मिळून ऐंशी, असा कारखान्याचा कागद त्याच्याकडे होता. शंभर-सव्वाशे किलो पेलणारी सरकपट्टी घेऊया, असंही तो म्हणाला होता. वाट जेमतेम पंच्याऐंशी सेंटिमीटर, कपाट पन्नास बाहेर येणार, मागचं दार अडेल, हेही त्याने सांगितलं होतं. विनीतने सगळंच उडवून लावलं. "कागद मला पाठव, आईला दाखवू नको, उगाच घाबरेल. मी सांगतो तिला." त्याने आईला काही सांगितलं नव्हतं.

"बोल ना भिकाजी," विनीत म्हणाला. "आणि हो, देवबागच्या तीन होमस्टेंची किचनंही तुलाच द्यायची आहेत."

भिकाजीने स्क्रू-ड्रायव्हर उगाच पुसला. "होय," तो म्हणाला. "वय झाला काकींचा."

विनीत फोन घेऊन अंगणात गेला. काकींनी ओट्यावरच्या कोपऱ्यातल्या खणाचं गुंडाळतं शटर वर सारलं, मिक्सर पुढे ओढला आणि मगच प्लग लावला. मिक्सर आतच ठेवून चालवलात तर तापून जळेल, असं भिकाजीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"तू सांगितलंस तसाच करतंय मी रोज," त्या म्हणाल्या. "एकदाय चुकलंय नाय."

भिकाजीने मान खाली घातली.

काकींनी सोलकढीचा पेला त्याच्यासमोर ठेवला. "तांदळाचा पण सांगितलंच असशीत तू. माज्याच ध्यानात रवाक नाय. वय झाला रे, खराच."

त्याने पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.