शनिवारचे बारा

वीज कंपनीच्या नियोजन विभागात माझं काम म्हणजे लोकांच्या घरातले दिवे कधी जाणार हे त्यांना आधी कळवणं. पंखा बंद पडला की शिव्या साहेबांना बसतात, पण फोन मी उचलते. सव्वीस वर्षं झाली. कानाला सवय झाली आहे.

एक सवय मात्र मी कधीच सोडली नाही. "बारा" हा आकडा मी नुसता लिहीत नाही. दुपारचे की रात्रीचे, आणि रात्रीचे असतील तर कुठल्या वाराला धरून, हे कागदावर आल्याशिवाय माझ्या टेबलावरून नोटीस हलत नाही. यावरून ऑफिसात माझी बरीच करमणूक होते. ड्रायव्हर मला "दुपारी जेवलात की रात्री?" असं विचारतो, तेही एक वाजता.

त्या आठवड्यात बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी तीन दिवस रजेवर होते. शुक्रवारी सकाळी दहाला आले, तर टेबलावर नोटीस तयार. साहेबांनी स्वतः लिहिलेली, छापलेली, आणि तीनशे दारांवर चिकटवूनसुद्धा झालेली. "शनिवारी रात्री १२ ते पहाटे ४ ट्रान्सफॉर्मर बदलण्यासाठी वीज बंद राहील." खाली सही, तीही शाई न सांडता. छान.

नोटीस कोणीही लिहो, ती गेली की यादीतल्या घरांना फोन मीच करायचा. ही यादी ज्यांच्या घरात श्वासाचं यंत्र चालतं त्यांची. त्या भागात असं एकच घर होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचं. मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. फुप्फुसं थकलेली, यंत्र चोवीस तास चालू. फोन त्यांच्या पत्नीने, काकूंनी, उचलला. मागून यंत्राची घरघर येत होती, कोणीतरी सतत सुस्कारे टाकत बसल्यासारखी.

"हो हो, नोटीस फ्रिजवर लावलीय," काकू म्हणाल्या. "ऑक्सिजनचं सिलिंडर उद्या दुपारी चारला येतंय. जुनं मागच्या वेळी दिवे गेले तेव्हा संपलं, तुम्हीच पाठवला होतात तो अंधार."

"त्याबद्दल माफ करा काकू. आज घरात भरलेलं एकही नाही?"

"नाही ना. आज कशाला लागतंय?"

मीही तसंच म्हणाले, आज कशाला. फोन ठेवला आणि सवयीने स्क्रीन उघडली. नोटीस आणि वेळापत्रक जुळतंय का हे मी नेहमी बघते, चहा थंड होईपर्यंत. वेळापत्रकात लिहिलं होतं: शनिवार, ००:००.

चहा थंड झाला.

कंट्रोल रूमला फोन लावला. तिथला ऑपरेटर शांत माणूस, त्याला घाई होताना मी पाहिलेली नाही.

"शनिवारचं शून्य-शून्य, म्हणजे कधी?"

"आज रात्री, ताई. आजचे बारा वाजले की शनिवार लागतो. क्रेनही आज रात्रीच येणार आहे, लाइनमनना सकाळीच सांगितलंय."

"आणि नोटीस उद्या रात्रीची आहे."

"मग लोक एक रात्र आधीच अंधारात बसतील," तो म्हणाला. विनोद नव्हता. तो तसाच बोलतो.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले तेव्हा ते चष्मा पुसत होते. मी नोटीस आणि स्क्रीनचा छापील कागद शेजारी शेजारी ठेवला.

"काय चुकलं? दोन्हीकडे शनिवार आहे."

"कॉम्प्युटरचा शनिवार आज रात्री बारा वाजता सुरू होतो. लोकांची शनिवारची रात्र उद्या येते. जेवण करून, भांडी घासून मग."

"अहो, मी शनिवार आणि बारा असंच भरलं होतं. रात्रीचं दाबलं, त्याने शून्य केलं."

"बरोबर केलं त्याने. त्याच्या हिशोबात दिवसाची सुरुवात रात्री होते."

साहेबांनी कागद उलटा करून बघितला, तिथे काही नव्हतं.

"ट्रान्सफॉर्मरमधून तेल गळतंय. क्रेन आज रात्रीची मिळालीय. तीनशे घरांना दुपारी फिरून सांगू, आज दिवे जातील म्हणून. चार तासांचा तर प्रश्न आहे."

"दोनशे नव्याण्णव घरांचा चार तासांचा प्रश्न आहे. एका घराचा पाच मिनिटांचा."

"त्यांना दवाखान्यात हलवू."

"मग हे त्यांना तुम्हीच सांगा," मी म्हणाले आणि नंबर फिरवून रिसीव्हर पुढे केला. साहेब माझ्याकडे बघत राहिले, पण पलीकडे घंटा वाजत होती.

या वेळी फोन मास्तरांनी उचलला. साहेबांनी स्पीकर चालू केला, बहुधा चुकून. त्यांनी घसा साफ करून सगळं सांगितलं: तेल, क्रेन, वेळापत्रक, दवाखाना. मास्तरांनी मध्ये अडवलं नाही. अडवायला हवा लागते.

मग म्हणाले, "शुक्रवार... किती वाजता... संपतो?"

"रात्री बारा वाजता, सर." साहेब त्यांना सर म्हणाले. मला वाटतं त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"शनिवार... कधी सुरू होतो?"

"बारालाच."

"आणि संपतो?"

"बारालाच, सर."

"म्हणजे शनिवारला... दोन बारा आहेत. रात्रीचेच. तुम्ही कुठले... लिहिलेत?"

साहेबांनी चष्मा पुन्हा काढला, तो आधीच स्वच्छ होता.

"दोन्ही," ते म्हणाले. "एक नोटिशीत, एक कॉम्प्युटरमध्ये."

"मग... नोटीस... खरी करा," मास्तर म्हणाले. "मी तिच्या भरवशावर... आज झोपणार आहे."

फोन ठेवल्यावर साहेबांनी क्रेनवाल्याला लावला. क्रेनवाल्याने आवाज चढवला, साहेबांनी उतरवला, शेवटी उद्याची रात्र ठरली. गळणाऱ्या तेलाखाली लाइनमननी आज पत्र्याचा ट्रे लावायचा आणि दर दोन तासांनी बघायचा, असं ठरलं. मोठा ट्रे मिळेना, म्हणून आमच्या कॅन्टीनमधला गेला. कॅन्टीनवाली मावशी अजून बोलत नाही आमच्याशी.

वेळापत्रक मी भरायला बसले. साहेब मागे उभे.

"रविवार, शून्य-शून्य-शून्य-एक," मी वाचत गेले. "ते एक मिनिट मुद्दाम. नुसत्या शून्यावर दोन्ही वार हक्क सांगतात. आणि शेऱ्यात लिहिते: शनिवार संपल्यावर, रविवार उजाडायच्या आत."

"एवढं लिहायची गरज आहे?"

मी त्यांचीच नोटीस पुढे सरकवली. ते म्हणाले, "लिहा."

दहा मिनिटांत कंट्रोल रूममधून फोन आला. "ताई, नवीन वेळ मिळाली. म्हणजे आज रात्री मी काहीही बंद करायचं नाही, बरोबर?"

"बरोबर. आज काहीही नाही. परत वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं, शेऱ्यासकट.

शनिवारी मला सुट्टी होती. तरी साडेचारला घरून फोन केला. काकू म्हणाल्या, सिलिंडर आत्ताच आलंय, माणूस नळी जोडून पाच मिनिटं चालवून दाखवतोय.

"मास्तर काय म्हणाले?"

"म्हणाले, यंत्रापेक्षा याची हवा गार लागते. आणि सारखी घरघर नाही म्हणून जरा झोप लागली, तेवढ्यात तुमचा फोन वाजला."