एकोणसाठ टक्क्यांची फर्स्ट डिव्हिजन

इन्व्हर्टर टीं टीं करू लागला आणि कशीबशी झोपलेली कुहू टक्क जागी झाली. रांचीच्या त्या दुपारी वीज आणि पोरीची झोप अशी जोडीने गेली. श्वेतांजलीचा बायोडेटा मात्र शिक्षणाच्या रकान्यापाशीच अडकला होता. पाच वर्षं घरी काढल्यावर गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, तीही घराजवळच्या शाळेत. अट एकच, बीएस्सीला साठ टक्के.

तिने कुहूला मांडीवर घेतलं. मागे सासरे सत्तूच्या पिठाचं सरबत ढवळत उभे.

"दहावीचे कसे लिहिलेस?"

"सीजीपीए आठ पूर्णांक सहा. साडेनऊने गुणून एक्याऐंशी पूर्णांक सात टक्के. बोर्डाचाच नियम आहे, बाबूजी. बारावीचे टक्केच मिळाले होते."

"आणि बीएस्सी?"

"सहा पूर्णांक चार."

"मग त्यालाही मार साडेनऊने! साठाच्या वर जातात. सुटलीस!"

"तो बोर्डाचा आकडा. आमच्या विद्यापीठाचा नियम गुणपत्रिकेच्या मागे छापलाय. अर्धा वजा करायचा, मग दहाने गुणायचं. एकोणसाठ होतात."

"म्हणजे सेकंड डिव्हिजन."

"नाही ना! पदवीवर फर्स्ट लिहिलंय. सीजीपीए सहा झाला की फर्स्ट."

बाबूजींना ठसका लागला. "एकोणसाठला फर्स्ट! आमच्या वेळी एक मार्क कमी पडला तर बाप दारात उभा करत नसे, बहू. तुमच्याकडे पेढे वाटतात!"

तिने शाळेत फोन लावला. पलीकडची बाई कंटाळलेली होती. "डिव्हिजन नको मॅडम, टक्के द्या. सगळे साडेनऊनेच गुणतात."

"आणि मूळ कागद तपासताना?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. साठाच्या खालचे आत्ताच बाद होतील, एवढं सांगते."

गणित शिकवायला निघालेल्या बाईने पहिलाच गुणाकार खोटा करायचा! श्वेतांजलीने लिहिलं: 'सीजीपीए ६.४ (१० पैकी), फर्स्ट डिव्हिजन, विद्यापीठाच्या सूत्राने ५९ टक्के.' आणि कुहूचं बोट धरून 'पाठवा' दाबलं.

"हरिश्चंद्राची नातच जणू," बाबूजी पुटपुटले.

दोनच दिवसांत उत्तर आलं. किमान टक्केवारी नसल्याने अर्ज बाद. खाली, शाळेच्या बोधचिन्हाशेजारी, सोनेरी अक्षरांत: 'आम्ही मुलांना मार्कांनी तोलत नाही.'

श्वेतांजलीला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले, तसं तिने तोंड कुहूच्या केसांत लपवलं.

"बघितलंस?" बाबूजी म्हणाले. पण आवाजात परवासारखा तोरा नव्हता. हातातला सरबताचा ग्लास त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

कुहू दोघांची तोंडं बघत होती. तिच्या बालवर्गात मार्कांऐवजी फक्त चांदण्या मिळत.

"मम्मी, तू पहिली आलीस की नापास झालीस?"