दोन बादल्या की तीन?

जानेफळच्या आमच्या बचत गटाचं लोणचं कुरिअरनं जातं आणि बरण्या खोक्यात भरायचं काम माझी आई, विमल, करते. परवा अध्यक्ष सुहासिनीताईंनी सगळ्या बायांसमोर आईला चोर ठरवलं.

"रिकाम्या खोक्यात कागदाच्या कातरणीच्या तीन बादल्या मावतात. बरणी एका बादलीची जागा घेते. मंग दोन पुरल्या पायजे. विमल तीन काऊन नेते? चुलीत घालते काय वं?"

आई बरणी पुसत राहिली. मला मात्र राहवलं नाही.

"ताई, तुमच्या हिशोबानं भरू द्या मले."

"भर ना. मोठी आली शायनी!"

मी दोन बादल्या कातरण घेतली, तिचाच खाली थर दिला, बरणी ठेवली आणि उरलेली सैल भुरभुरवली. खोकं काठोकाठ भरलं. ताई बायांकडे पाहून हसल्या. मग मी झाकण चिकटवलं आणि खोकं कुरिअरच्या गाडीत आदळावं तसं गदागदा हलवलं. आतून ठकठक ऐकू आली. उघडलं, तर कातरण चार बोटं खाली बसलेली आणि बरणी कलंडून पुठ्ठ्याला टेकलेली.

"कातरणीत हवा असते, ताई. दाबली का बसते. म्हणून आई तिसरी बादली दाबून भरते."

मी तसंच भरून हलवलं. हूं की चूं नाही!

"लय तोंड आहे तुह्या पोरीले," ताई आईवर खेकसल्या. "पॅकिंग कर तूच. पण कातरणीचं पोतं माह्या घरी राहीन."

"ठेवा," आई पहिल्यांदाच बोलली. "पण चोर म्हटलं ते परत घ्या. तवर मी खोक्याले हात लावत नाही."