तिकीट गिऱ्हाइकाचं

माधुरीने आजवर बऱ्याच नव्या पोरांना शिकवलं होतं, पण तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा नवा माणूस पहिल्यांदाच आला होता. भीमराज. साखर कारखान्यात पहिला संगणक आला तेव्हा लोक चपला बाहेर काढून संगणकाच्या खोलीत जायचे, तेव्हापासून तो त्या खोलीत होता. कारखाना बंद पडला आणि बावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसला. कोपरगावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माधुरी काम करायची ती कंपनी होती. ती दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायची. तिथे त्याला माधुरीनेच भांडून घेतलं होतं. मालक राधाकृष्ण सर म्हणाले होते, "तीन महिने बघू. आकडा दिसला तर कायम, न्हाई तर रामराम."

पहिल्या दिवशी तिने स्क्रीनवर कामांचा बोर्ड उघडला आणि नेहमीचं सुरू केलं. एपिक, टास्क, सबटास्क, तिकीट. भीमराजने चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हे समदं कामच हाय ना? मग चार नावं कशाला?"

"कारण चारही वेगळी आहेत, भीमराजभाऊ. एपिक म्हणजे मोठं काम, महिनोन्महिने चालणारं. त्याच्या पोटात टास्क. टास्क एका माणसाच्या नावावर, काही दिवसांत संपेल असं. त्याचे तुकडे म्हणजे सबटास्क. सबटास्क एकटा जगत नाही, त्याला टास्क लागतोच."

"म्हंजे गळिताचा हंगाम तो एपिक," तो सावकाश म्हणाला. "एका शेताचा ऊस आणायचा तो टास्क. तोडणी, भरणी, वाहतूक हे सबटास्क."

माधुरीला हसू आलं. इतकी वर्षं ती हे इंग्रजी पुस्तकातून सांगत होती.

"आन् तिकीट?"

"तिकीट आपण काढत नाही. ते गिऱ्हाईक काढतं. फोन करून, नाही तर मेसेज पाठवून."

"म्हंजे शेतकरी कारखान्याच्या खिडकीशी येऊन म्हनतो, माझा ऊस वाळाय लागलाय."

"अगदी. त्याचं कारण आपल्या टास्कमध्ये सापडलं, तर तिकीट टास्कला जोडायचं. एकाच कारणाची दहा तिकिटं आली तरी टास्क एकच. पण टास्क संपला म्हणून तिकीट आपोआप संपत नाही. गिऱ्हाईक म्हणेल बरोबर झालं, तेव्हाच बंद. तिकीट गिऱ्हाइकाचं असतं."

"हे बरं हाय," भीमराज म्हणाला. त्याने ते मनापासून घेतलं. तिथेच सगळं बिघडलं, हे माधुरीला पुढे कळलं.

त्याच आठवड्यात हर्षलही रुजू झाला होता. चोवीस वर्षांचा, बोटं भराभर चालणारा, स्वभावाने गोड. माधुरीने त्यालाही हेच सांगितलं. तो "हो ताई, हो ताई" करत होता आणि मांडीवर मोबाईल बघत होता.

दुसऱ्या महिन्यात पुणतांब्याहून मालनबाईंचं तिकीट आलं. पावतीवर दुधाचं फॅट एक, दहा दिवसांच्या बिलात दुसरंच. लोक दारात येऊन भांडतात. मग कोल्हारहून, मग आणखी इकडून तिकडून तीच ओरड, अकरा केंद्रांची. भीमराजने रोज बसून कारण शोधलं: नव्या आवृत्तीत संध्याकाळच्या फॅटवर सकाळचं फॅट बसत होतं. कोडातली चूक माधुरीने दुरुस्त केली. पण केंद्रांवर नेट धड नाही, प्रत्येक ठिकाणी जाऊन आवृत्ती टाकावी लागणार. भीमराजने एक टास्क केला, प्रत्येक केंद्राचा एक सबटास्क, अकराही तिकिटं टास्कला जोडली आणि स्कूटर काढली. माधुरीने बोर्ड बघितला तेव्हा तिला वाटलं, शिकवणाऱ्याने आणखी काय मागावं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सरांनी अहवाल काढला. अहवालात एकच रकाना: बंद केलेली तिकिटं. हर्षल, त्रेसष्ट. भीमराज, चार.

"चार," सर म्हणाले. "तीन महिन्यांत चार. काय करतो काय हा माणूस दिवसभर?"

"सर, त्यांनी अकरा केंद्रांचं काम एकाच टास्कखाली..."

"टास्क मला कळत न्हाई, माधुरी. मी दूधवाल्यांना तिकिटं दाखवतो. सोमवारी पुन्हा अहवाल काढतो, तवाच ठरवू."

तिने हर्षलची त्रेसष्ट उघडून बघितली. निम्म्या ठिकाणी एकच उत्तर: मशीन बंद करून चालू करा. बंद. चार दिवसांनी त्याच केंद्राचा पुन्हा फोन, म्हणजे नवं तिकीट. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा बंद. एकाच माणसाचं एकच दुखणं आणि पाच तिकिटं. हर्षल काही लबाड नव्हता. त्याला फरक कळलाच नव्हता, आणि त्याचं नशीब फळफळलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती भीमराजच्या टेबलाशी गेली. नऊ सबटास्क झाले होते, दोन राहिले होते.

"भीमराजभाऊ, ती अकरा तिकिटं बंद करा."

"अजून न्हाई झालं, मॅडम. ज्यांच्याकडं झालं त्येबी म्हनले, पुढचं बिल बरोबर आलं की सांगतो. बिल बुधवारी."

"सोमवारच्या आत बंद करा."

"तुमीच म्हनला हुता, तिकीट गिऱ्हाइकाचं असतंय."

"म्हणाले होते. आता बंद करा म्हणते. नोकरी तुमची आहे."

त्याच्या घरी बायको होती, बारावीतली मुलगी होती. त्याने अकराही निवडली आणि 'बंद' दाबलं. चष्मा पुसत म्हणाला, "कारखान्यात असं कुनी केलं असतं तर मी त्येला खिडकीवर बसू दिलं नसतं." रागाने नव्हे, सांगायचं म्हणून.

तिकीट बंद झालं की गिऱ्हाइकाला मेसेज जातो: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. हे माधुरीनेच शिकवलेलं होतं, आणि हेही, की त्याला उत्तर आलं तर तिकीट पुन्हा उघडतं. त्या संध्याकाळी नेमकं तेवढंच तिच्या डोक्यात नव्हतं. हर्षलच्या गिऱ्हाइकांनी मेसेजला कधी उत्तर दिलं नव्हतं, त्यांचा विश्वासच उडाला होता. भीमराजची गिऱ्हाइकं त्याच्या शब्दावर विसंबून बसली होती. त्यांना धक्का बसला. रविवारभर उत्तरं येत राहिली. मालनबाईंनी लिहिलं, "भाऊ, बिल अजून चुकीचंच हाय. तुमी तर बुधवारपर्यंत थांबनार हुता."

सोमवारी अहवालात भीमराजच्या नावापुढे चारच होते. खाली नवी लाल ओळ: पुन्हा उघडलेली, अकरा. हर्षलच्या नावापुढे तिथे शून्य.

"काम न्हाई आन् वर खोटं बंद," सर म्हणाले.

"मी सांगितलं होतं बंद करायला."

"तू सांगितलंस म्हणून काय, लालमध्ये नाव त्याचं हाय. त्याला रामराम." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी महिन्याचा पगार जास्त दिला आणि भीमराजला चहा पाजला.

निघताना भीमराजने फक्त विचारलं, "ऱ्हायलेले दोन सबटास्क कुनाला देनार?"

"मी बघते."

"कोल्हारला सकाळी लवकर जा. दहानंतर तिथं वीज नसती."

भीमराजचं खातं बंद करायचं म्हणजे त्याच्या नावावरचं उरलेलं काम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकावं लागतं. माधुरीच्या पदाला तिकिटं घेता येत नव्हती. विभागात हर्षलशिवाय दुसरं होतंच कोण? मंगळवारी ती एसटीने कोल्हारला गेली, तिथून पुढच्या गावाला, दोन्ही मशीन उरकली.

बुधवारी बिलं निघाली. सगळी बरोबर. संध्याकाळपर्यंत अकराही जणांनी कळवलं: झालं, आभारी हाय. या वेळी तिकिटं खरोखर बंद झाली. हर्षल खुर्ची ओढत तिच्याजवळ आला.

"ताई, माझ्या नावावर अकरा वाढलेत. ही माझी न्हाईत."

"माहीत आहे."

"मग काढता येतील का?"

"नाही. आता तुझीच."

तो मालनबाईंच्या तिकिटाखाली भीमराजने दोन महिने लिहिलेली उत्तरं वरपासून वाचायला लागला. सरांनी हर्षलचा चौऱ्याहत्तरचा आकडा फळ्यावर मोठा लिहायला सांगितला होता, आणि खडू तिच्या हातात होता.