नव्वद सेकंदांतलं वळण

दिग्दर्शक रीलच्या कथा स्वतःच्याच घरातून उचलायचा. त्याची धाकटी बहीण ते रील कापून बसवायची. तिला वाटायचं, दादा घरातून फक्त भिंती उचलतो, गोष्ट मनाने रचतो.

या वेळच्या गोष्टीत नवरा कामावर जाताना बायकोला खोलीत कोंडतो, शेवटी त्याला उपरती होते आणि तो चावी तिच्या हातात ठेवतो. नवऱ्याचं काम तो स्वतः आणि बायकोचं त्याची बायकोच करत होती, त्यामुळे तालमीची गरज पडली नाही.

पहिला कट अडीच मिनिटांचा झाला, हवा होता नव्वद सेकंदांचा. बहिणीने लग्नाची आठवण उडवली, शेजारीण उडवली, नवऱ्याचं भाषण तर आधीच उडवलं. सुरुवात थेट कुलपाच्या आवाजावर, कारण बघणाऱ्याचं बोट पहिल्या तीन सेकंदांतच अडवायचं असतं. विसाव्या सेकंदाला बायको दार ओढते, पहिला अंक खलास. मग हाका, खिडकी, आणखी हाका. साठाव्याला वळण, उरलेल्यात त्याचा परिणाम.

"दादा, वळणच नाहीये."

"चावी देतो की मी!"

"गोष्ट तिची आणि वळण तुझं? तिने असं काही करायला हवं की मागे फिरता येणार नाही. बिजागरीचे स्क्रू काढू दे."

"आणि मी काय करू? टाळ्या वाजवू?"

पण व्ह्यूजपुढे दादाचा स्वाभिमान फार टिकत नसे. रीटेक झाला. वहिनीने एका टेकमध्ये शॉट दिला, आणि नणंदेकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बहीण भाऊ कटला बसले. वळण लांबून नीट कळत नव्हतं, म्हणून तिने हातावर झूम केलं. वहिनीचा हात न बघता स्क्रूवर गेला होता. हातात दादाने दिलेला स्क्रूड्रायव्हर नव्हता, टोक घासलेला चमचा होता. खालच्या बिजागरीची भोकं आधीच रिकामी होती.

बहिणीने घाईघाईने झूम काढलं.

"थांब," दादा पाठीमागून म्हणाला. "मागे घे."

"लाइट गंडलाय रे. दुसरा शॉट लावते."

"मागे घे म्हटलं ना."

त्याने ते दृश्य तीनदा पाहिलं. मग हसला.

"आता कसं, वळण अगदी स्पष्ट झालं. हुशार आहेस हं छोटे." खिशातली चावी चाचपत तो उठला. "जरा घरी जाऊन येतो."

लिफ्टचं दार बंद झाल्याचं ऐकून ती जिन्याकडे धावली. उतरतानाच तिने फोन लावला.

"वहिनी, दादा निघालाय! त्याने पाहिलं. माझ्यामुळेच... किती स्क्रू राहिलेत?"

पलीकडे धातूवर धातू घासला जात होता.

"एक. गंजलाय मेला."

"मी येतेय, वहिनी. तू घाबरू नकोस, मी..."

"बोलू नकोस गं," वहिनी म्हणाली. "हात थांबतो माझा."