एकच पट्टी

मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सौमित्र म्हणाला, बाबा, आता तुम्हाला खऱ्या कामाला लावतो. पेपरात पत्रं लिहून पाडण्यापेक्षा बरं, असं माझंही मत पडलं. आमच्या गुलटेकडीच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीतून दर रविवारी सकाळी त्याचा गप्पांचा कार्यक्रम यूट्यूबवर लाइव्ह जायचा. त्याचं ओबीएस तेव्हापासून माझ्याकडे. कॅमेऱ्याचं चित्र, त्यावरच्या नावाच्या पट्ट्या, एका सीनवरून, म्हणजे आधी मांडून ठेवलेल्या चित्रावरून, दुसऱ्यावर जाणं, सगळं त्या सॉफ्टवेअरमधून चालतं. डाव्या खुर्चीत सौमित्र, उजव्या खुर्चीत तनया, माझी सून.

सौमित्र गेला. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये झोपला, तो उठलाच नाही. निघाला तेव्हा मी अंघोळीला होतो, त्यामुळे जाताना 'येतो' म्हणाला की नाही, तेही मला माहीत नाही. भेटायला येणारे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मी त्यांना चहा विचारायचो. रडू येत नव्हतं. आत सगळं सुन्न होतं, दाढ काढायच्या आधी हिरडी होते तसं.

मग तनयानं कार्यक्रम पुन्हा सुरू करायचं ठरवलं. डाव्या खुर्चीत सौमित्रचा मित्र आमोद बसणार होता. शेवटी सौमित्रचा फोटो दाखवायचा, त्यावर ती दोन वाक्यं बोलणार, मग मी पुन्हा त्या दोघांवर यायचं आणि नमस्कार करून संपवायचं, असं तिनं सांगितलं. जाता जाता म्हणाली, तेवढा तो पंजा काढा. सीन बदलताना सौमित्रचा स्वतःचा पंजा पडद्यावरून सरकत जायचा आणि त्याच्याआड पुढचा सीन यायचा, तसा छोटा व्हिडिओ त्यानंच करून बसवला होता. मी ट्रान्झिशनमध्ये जाऊन त्याऐवजी साधा फेड निवडला आणि त्याला दोन सेकंद दिले. मुलाचा फोटो झटकन यावा, हे बरं दिसलं नसतं.

रविवारी पहाटे फोटोच्या सीनची पट्टी करायला बसलो. दोन खुर्च्यांच्या मुख्य सीनमधली सौमित्रची पट्टी कॉपी केली आणि फोटोच्या सीनमध्ये पेस्ट केली, ती बरोबर त्याच जागी बसली. मग मुख्य सीनमध्ये येऊन पट्टीवर डबल क्लिक केलं, 'सौमित्र बेहेरे' खोडलं आणि 'आमोद फाटक' लिहिलं. फोटोचा सीन पुन्हा उघडून बघायला हवा होता. आयुष्यभर लोकांच्या सह्या दोनदा ताडून बघणारा माणूस मी. पण त्या फोटोकडे दुसऱ्यांदा बघवेना, म्हणून नाही बघितलं.

कार्यक्रम ठीक झाला. आमोद चांगला बोलला, जरा जास्तच बोलला. शेवटी तनयानं खूण केली आणि मी फोटोच्या सीनवर क्लिक केलं. दोघांचे चेहरे हळूहळू विरले, सौमित्र उमटत आला. नाव मात्र जागचं हललं नाही. माझ्या मेलेल्या मुलाच्या हसऱ्या फोटोखाली 'आमोद फाटक'.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पेस्ट केलं म्हणजे दुसरी पट्टी झालीच नव्हती. तीच एक पट्टी दोन्ही सीनमध्ये दिसत होती. इकडे बदललं की तिकडेही बदलणार, हे सौमित्रनं मला बजावून सांगितलं होतं.

कॉमेंट येऊ लागल्या. टेबलावर आमोदचा फोन थरथरला, त्याची आई कात्रजला घरी कार्यक्रम बघत बसली होती. तनयाचं लक्ष मॉनिटरकडे गेलं आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मी पट्टी उघडली, आमोदचं नाव खोडलं आणि लिहायला लागलो. त्या चौकटीत जे टाइप कराल, ते तिथल्या तिथे पडद्यावर दिसतं. सगळ्यांच्या देखत एकेक अक्षर उमटलं, सौ, मि, त्र. बारशाच्या वेळी हे नाव पहिल्यांदा मीच लिहिलं होतं, पाटावर, तांदळात. मग आडनाव लिहिलं.

तनयानं पुन्हा खूण केली, आता आमच्यावर या. पण पट्टी एकच. तिकडे गेलो असतो, तर तिच्या शेजारी आमोद आणि त्याच्या छातीवर माझ्या मुलाचं नाव. तिकडे गेल्या गेल्या यादीत पट्टीपुढे असलेल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून पट्टी लपवता आली असती, नाहीतर पुन्हा नाव बदलता आलं असतं. मला ते नाव एका दिवसात दोनदा खोडायचं नव्हतं, झाकायचंही नव्हतं. मी तिथेच स्ट्रीमिंग बंद केलं.

आमोद बाहेर आईशी बोलायला गेला. तनया कॉलरचा माइक काढत माझ्याजवळ आली.

"बाबा, नमस्कार राहिला."

"राहिला," मी म्हणालो. "त्याचाही राहिला."

आणि मग मला रडू आलं, हुंदके देऊन, लहान पोरासारखं. तनया शेजारी स्टुलावर बसली. स्क्रीनवर सौमित्र होता, खाली त्याचं नाव होतं, आणि आम्ही दोघांनी बराच वेळ काहीच बंद केलं नाही.