अडीच इंच

माझा स्वभाव संशयी आहे, हे सगळ्या छत्रीबागेला ठाऊक आहे. बावीस वर्षं फ्लेक्सचं दुकान चालवल्यावर माणूस दुसरं काय होणार? त्यामुळे रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस धनेश भर दुपारी पेढ्यांचा डबा घेऊन आला, तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"सुमेधाताई, सिमरोलच्या पुलियावाला बॅनर परत काढायचा आहे. मॅटर वही. बस, अक्षरं मोठी करा. साठच्या स्पीडने येणाऱ्याला आरामात वाचता आली पाहिजेत."

एक मार्चला त्या छोट्या पुलाशी लावायचा पहिला बॅनर माझ्याकडून करून घेताना हाच माणूस म्हणाला होता, "वॉर्निंग कुठेतरी खाली टाका, साहेबांचं नाव दणदणीत पाहिजे." आज याला स्पीड आठवला! मी कागद ओढून हिशेब मांडला.

"साठचा स्पीड म्हणजे सेकंदाला पंचावन्न फूट. वाचून, समजून, गाडी आवरायला पाच सेकंद तरी लागतात. म्हणजे पावणेतीनशे फुटांवरून दिसलं पाहिजे. चालत्या गाडीतून नीट वाचायचं तर पंचवीस फुटांना एक इंच. अकरा इंचांचं अक्षर घ्यावं लागेल."

"मग करा ना अकरा इंच."

"आठ बाय चारच्या बॅनरवर 'पुलिया बंद, बाएँ मुड़ें' एवढंच मावेल. साहेबांच्या नावाला जागा उरणार नाही."

"नाव राहू दे, ताई."

आता मात्र माझे कान टवकारले. नाव राहू दे? याचे ठेकेदारसाहेब सत्यनारायणाच्या बॅनरवरसुद्धा देवापेक्षा मोठे छापून घेतात.

"आणि खाली तारीख पुरानीच टाका, एक मार्च. छापल्यावर थोडा मळवून द्या. फोटो खींचायचा आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. आमच्या गल्लीतले लक्ष्मणराव सिमरोलच्या कॉलेजची व्हॅन चालवतात. दहा दिवसांपूर्वी त्याच पुलियाजवळ व्हॅन खड्ड्यात गेली आणि त्यांचा पाय मोडला. नशीब, व्हॅन रिकामी होती. ठेकेदार ठाण्यात सांगतोय, चांगला मोठ्या अक्षरांचा बोर्ड होता, म्हाताऱ्याला दिसत नाही. व्हॅनचा मालक म्हणतो, चूक तुमची निघाली तर घरी बसा. आणि गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची चर्चा सुरू केलीय. खरं सांगते, त्यात मीही होते.

"उद्या या," असं सांगून धनेशला वाटेला लावला आणि जुनी फाइल उघडली. साहेबांचं नाव चौदा इंच. वॉर्निंग चार इंच. चार म्हणजे शंभर फूट, तेही कमीच. पण मी ते चार इंच पुन्हा मोजले आणि चूक सापडली. मी वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं होतं. वाचणारा वाचतो ते शिरोरेषेखालचं अक्षर, आणि ते होतं जेमतेम अडीच इंच. म्हणजे बासष्ट फूट, सेकंदभराचा रस्ता. सेकंदभरात तर ब्रेकवर पायसुद्धा जात नाही.

बावीस वर्षं सगळ्या जगावर संशय घेतला, स्वतःच्या मापावर कधी घेतला नाही. मला स्वतःचीच लाज वाटली.

वॉर्निंगची तीच ओळ त्याच मापाची एका फ्लेक्सच्या पट्टीवर छापली, मोजायचा टेप घेतला आणि लक्ष्मणरावांच्या दारात गेले. ते प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून ओट्यावर बसले होते. त्यांची मुलगी अनुश्री पट्टी धरून गल्लीत मागे मागे जाऊ लागली.

"वाचा, भाऊ."

चाळीस फुटांवर वाचलं, साठवरही घडाघडा. ऐंशीवर अडखळले, एकेक अक्षर लावून वाचू लागले. शंभरावर नुसते डोळे बारीक केले. मग मी अनुश्रीला बसवलं आणि पट्टी घेऊन मागे गेले. तीही बरोबर ऐंशीवर अडखळली. तिचं वय तेवीस.

लक्ष्मणराव लेकीकडे बघत राहिले. "म्हणजे माझे डोळे..."

"डोळे चांगले आहेत, भाऊ. अक्षरं लहान होती."

"तो ठेकेदार मोठा हरामखोर आहे," अनुश्री म्हणाली.

"तो आहेच. पण अक्षरं मी केली होती."

अनुश्रीने पट्टीची गुंडाळी केली आणि ती माझ्याकडे न देता स्वतःच्या काखेत घट्ट धरली. माझ्यावरचा तिचा विश्वास उडाला होता, आणि तो उडायलाच हवा होता.

"ठाण्यात असं सांगशील, सुमेधा?" लक्ष्मणरावांनी विचारलं. "तुझ्या दुकानाचं नाव येईल."

मी पर्समधून लिहून आणलेला कागद काढला. जुन्या फाइलचा प्रिंट, धनेशने आज काय मागितलं ते, आणि खाली माझी चूक, सहीसकट.

अनुश्रीने कागद घेतला, ओट्याच्या कडेला उजेडात धरला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागली.